नव्वद सेकंदांची पिच: लिहायची शेवटाकडून, बोलायची सुरुवातीपासून

गुंतवणूकदाराला पाठवायच्या नव्वद सेकंदांच्या पिच व्हिडिओत साधारण पावणेदोनशे मराठी शब्द बसतात. म्हणजे सेकंदाला दोन शब्द, त्याहून थोडे कमीच. याहून वेगाने बोललं की समोरच्याला आकडे पकडता येत नाहीत, आणि पिचमध्ये आकडेच सुटले तर उरतं काय? पावणेदोनशे शब्द म्हणजे वहीचं जेमतेम एक पान. तेवढ्यात गुंतवणूकदाराला चार गोष्टी कळायला हव्यात. अडचण कोणाची आहे आणि किती रुपयांची, तुम्ही तिच्यावर काय करता, ते खरंच चालतं याचा पुरावा काय, आणि तुम्हाला किती पैसे कशासाठी हवेत. स्टार्टअपवाले यांना प्रॉब्लेम, सोल्युशन, ट्रॅक्शन आणि आस्क म्हणतात.

हा क्रम बहुतेकांना माहीत असतो. गडबड लिहिताना होते. माणूस ज्या क्रमाने बोलायचं त्याच क्रमाने लिहायलाही बसतो. अडचण त्याच्या जिव्हाळ्याची, म्हणून तिच्यावर पन्नास सेकंद जातात. यंत्राचं कौतुक करण्यात तीस जातात. मग शेवटच्या दहा सेकंदांत 'आम्हाला गुंतवणूक हवी आहे, धन्यवाद' असं म्हणून हात जोडले जातात. किती, कशासाठी, बदल्यात काय, हे राहूनच जातं. म्हणून स्क्रिप्ट शेवटाकडून लिहावी. आधी मागणी, मग ती मागणी पटवणारा पुरावा, मग तो पुरावा समजण्यापुरता उपाय, आणि तो उपाय कशासाठी हे कळण्यापुरती अडचण. बोलताना मात्र हे सगळं उलटून सरळ करायचं.

एक उदाहरण घेऊन हे करून पाहू. कंपनी काल्पनिक आहे, तिचे भाव आणि आकडेही हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. अडचण मात्र जालना, लातूर, हिंगोली, कुठल्याही जिल्ह्यात ऐकायला मिळेल अशी आहे. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. माल ओला राहतो. अडतीवर ओलाव्याचं यंत्र लागतं आणि भाव तुटतो. तेल गिरण्यांना माल साधारण 'दहा-दोन-दोन'चा हवा असतो, म्हणजे दहा टक्के ओलावा, दोन टक्के काडीकचरा आणि दोन टक्के खराब दाणे. हमीभावाच्या सरकारी खरेदीची मर्यादा बारा टक्के ओलाव्याची आहे. 2024 च्या खरिपात केंद्राने ती पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली होती, यावरून ही अडचण किती नेहमीची आहे ते कळतं. आपली काल्पनिक कंपनी जालना जिल्ह्यात ट्रॉलीवर बसवलेला ड्रायर गावोगाव नेते आणि क्विंटलमागे भाडं घेऊन माल सुकवून देते.

आधी मागणी

पहिला मसुदा असा असतो: 'आम्हाला साठ लाख रुपये हवेत, त्यातून ड्रायर विकत घेऊ.' यावर जरा जाणता गुंतवणूकदार पहिला प्रश्न हाच विचारेल की लोखंड घ्यायला हिस्सा कशाला विकता? यंत्र तारण ठेवता येतं, त्यावर बँक कर्ज देते. काढणीनंतरच्या सोयींसाठी केंद्राचा कृषी पायाभूत सुविधा निधी 2020 पासून आहे. त्यात दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत मिळते आणि धान्य सुकवणीसारखी प्राथमिक प्रक्रिया त्यात मोडते. अर्थात, तुमचं फिरतं यंत्र त्यात बसतं असा बँकेचा होकार हातात येईपर्यंत व्हिडिओत कर्जाचा उल्लेख करू नका. कंपनीचा हिस्सा विकून येणारा पैसा सर्वात महाग असतो. ज्या खर्चासाठी बँक कर्ज देणार नाही, तो खर्च या पैशातून करायचा.

मग हिशेब असा बसतो. एक ड्रायर साडेचार लाखांना पडतो, आणखी आठ घ्यायचे तर झाले छत्तीस लाख. त्यातला पाऊण भाग, सत्तावीस लाख, कर्जातून, बँकेचा होकार मिळाला आहे असं धरून. उरलेले नऊ लाख कंपनीला घालावे लागतील, ते या मागणीतून. ड्रायरवर काम करणारी माणसं आणि एका हंगामाचा चालू खर्च सोळा लाख. ओलावा आपोआप मोजून पंखा आणि भट्टी बंद करणारा कंट्रोल पक्का करायला, त्याच्या चाचण्यांना आणि दुरुस्तीच्या सुट्या भागांना पंधरा लाख. नऊ, सोळा आणि पंधरा मिळून चाळीस. एवढीच मागणी. साठ लाखांचा आकडा भरदार वाटतो खरा, पण त्यामागे अशी फोड नसेल तर पहिल्याच भेटीत तो कोसळतो.

बदल्यात किती द्यायचं, इथे एक बारीक चूक फार वेळा होते. 'चाळीस लाख, दहा टक्के' म्हटलं की पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत चार कोटी धरली जाते, कारण चाळीस लाख हे चार कोटींचे दहा टक्के. याला पोस्ट-मनी म्हणतात. म्हणजे पैसे येण्याआधीची किंमत, प्री-मनी, तीन कोटी साठ लाख झाली. पण संस्थापकाच्या डोक्यात 'आमची कंपनी आज चार कोटींची' असं असेल, तर पैसे आल्यावर ती चार कोटी चाळीस लाखांची होते आणि चाळीस लाखांचा वाटा 9.09 टक्के भरतो, दहा नाही. फरक लहान दिसतो, पण तुम्ही व्हिडिओत एक बोललात आणि कागदावर दुसरं लिहिलंत की माणूस हिशेबात कच्चा आहे असं मत होतं. म्हणून व्हिडिओत रक्कम आणि टक्का एवढंच सांगा, किंमत बोलूच नका. ती त्या दोन आकड्यांतून आपोआप निघते.

आणि मागणीला मुदत हवी. पैसे आल्यावर किती महिन्यांत कंपनी कुठे असेल? आपल्याकडे हंगाम वर्षातून एकदाच येतो, त्यामुळे बारा महिने म्हटलं तर एक चुकलेला पाऊस सगळं बुडवू शकतो. अठरा महिने धरले तर पैसे कधीही आले तरी एक पूर्ण हंगाम त्यात बसतो.

पुरावा म्हणजे कोणी पैसे दिले

ट्रॅक्शन या भागात लोक काहीही घालतात. जिल्हास्तरीय स्पर्धेचं पारितोषिक, पालकमंत्र्यांसोबतचा फोटो, पाचशे शेतकऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. यातल्या कशासाठीही कोणी खिशात हात घातलेला नसतो. नऊशे शेतकऱ्यांनी नोंदणी केली हे ऐकायला बरं वाटतं, पण फुकट नोंदणी कोणीही करतो. गुंतवणूकदाराला तीन गोष्टी ऐकायच्या असतात. पैसे देऊन किती काम झालं, देणारे पुन्हा आले का, आणि एका कामामागे तुमच्या हातात काय उरलं.

आपल्या कंपनीने एका ड्रायरवर एका हंगामात अठराशे क्विंटल सोयाबीन सुकवलं असं धरू. वीस क्विंटलची एक भरती, दिवसाला तीन भरत्या, तीस दिवस. एकशे चाळीस शेतकरी. सरासरी एकाचे तेरा क्विंटल भरतात, म्हणजे ही छोटी शेतं आहेत आणि बऱ्याचदा दोघांचा माल एका भरतीत एकत्र करावा लागला असणार. असा आकडा उलटा फिरवून बघायची सवय गुंतवणूकदाराला असते. तो मनातल्या मनात भागाकार करतो, आणि उत्तर जमिनीवरच्या वास्तवाशी जुळलं नाही तर पुढचं ऐकतच नाही. म्हणून तुम्ही आधी करून बघा.

दुसरा प्रश्न ठरलेला आहे: 'बाकीचे अकरा महिने हे यंत्र काय करतं?' हंगामी धंद्याच्या पिचमध्ये याचं उत्तर न विचारता आलं पाहिजे. जालना-सिल्लोड पट्ट्यात सोयाबीनच्या पाठोपाठ मका येतो आणि त्यालाही ओलावा जास्त असतो. एकशे चाळीसपैकी एकसष्ट जणांनी मक्यासाठी पुन्हा बोलावलं, हे एक वाक्य दोन कामं करतं. गिऱ्हाईक परत आलं हेही कळतं आणि यंत्र रिकामं बसलं नाही हेही. हिंगोली-वसमतकडे पुढे हळदीचं काम निघू शकतं, पण ते अजून केलेलं नाही. म्हणून ते पुराव्यात घालायचं नाही. केलेलं आणि करू म्हणतो ते एकाच दमात सांगितलं की दोन्हींवरचा विश्वास जातो.

तिसरा प्रश्न शिलकीचा. क्विंटलला दीडशे रुपये भाडं. जळणाला पऱ्हाटीच्या ब्रिकेट, दोन मजूर आणि ट्रॅक्टरचं भाडं मिळून ऐंशी रुपये खर्च, सत्तर उरले. सोयाबीन आणि पंधराशे क्विंटल मका मिळून तेहतीसशे क्विंटल, त्यावर दोन लाख एकतीस हजार. साडेचार लाखांचा ड्रायर दोन वर्षांत पैसे फेडतो. मराठवाड्यात पैसे घालणारा माणूस पुष्कळदा स्वतः उद्योजक असतो, जालन्याचा स्टीलवाला किंवा बियाणेवाला, वाळूजचा सुटे भाग बनवणारा. माझं मत असं, की याला कंपनीची किंमत किती कोटी यापेक्षा यंत्र किती दिवसांत फिटतं हे वाक्य लवकर कळतं. पुण्या-मुंबईच्या फंडाला ते पुरत नाही. त्याला हे किती मोठं होऊ शकतं हेही हवं असतं, आणि ते पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायचं.

सातशे रुपयांची थाप

आता अडचण आणि उपाय. या दोन्हींत मिळून एकच हिशेब आहे आणि तो चुकला तर सगळंच चुकतं.

ओल्या सोयाबीनला, अठरा टक्के ओलाव्याच्या, क्विंटलला 3,600 रुपये मिळतात असं धरू. बारा टक्क्यांच्या मालाला 4,300. मग पहिल्या मसुद्यात लिहिलं जातं: 'आमच्या ड्रायरमुळे शेतकऱ्याला क्विंटलमागे सातशे रुपये जास्त मिळतात.' वाक्य टाळ्या घेणारं आहे आणि खोटं आहे. सुकवलं की वजन कमी होतं. शंभर किलो ओल्या मालात अठरा किलो पाणी, म्हणजे बाकी ऐवज ब्याऐंशी किलो. सुकवल्यावरही तो ब्याऐंशी किलोच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या 88 टक्के असतो. 82 ला 0.88 ने भागलं की 93.2 किलो येतात. शंभराचे त्र्याण्णव झाले. अठरातून बारा वजा करून 'सहा किलो घट' असं तोंडी सांगितलं जातं, तेही चूकच, घट जवळजवळ सात किलोंची आहे.

आता या 93.2 किलोंचे 43 रुपये किलोने झाले सुमारे 4,007 रुपये. ओला विकला असता तर 3,600. फरक 407. त्यातून आपलं भाडं दीडशे गेलं. शेतकऱ्याच्या हातात उरले अडीचशेच्या आसपास. सातशे कुठे आणि अडीचशे कुठे! पण अडीचशे हा आकडा टिकतो. धान्याच्या धंद्यातला माणूस ऐकत असेल तर 'वजनातली घट जाता' हे दोन-तीन शब्द ऐकूनच त्याला कळतं की यांनी अडतीवर उभं राहून हिशेब केलेला आहे.

याच हिशेबात धंद्याची मर्यादाही दिसते. माल चौदा टक्क्यांचा असेल आणि भावातला फरक दोनशेच असेल, तर घट आणि भाडं जाऊन शेतकऱ्याच्या हातात काही राहत नाही, उलट पदरचं जातं. म्हणजे पाऊस लवकर उघडला त्या वर्षी कामच कमी. हे व्हिडिओत सांगायला जागा नाही, पण विचारलं तर उत्तर तयार हवं. दुसरी मर्यादा बियाण्याची. बियाण्यासाठी ठेवलेलं सोयाबीन चाळीस अंशांच्या वर तापवलं की उगवणशक्ती घटते, म्हणून ते काम वेगळ्या तापमानावर आणि जास्त वेळ घेऊन करावं लागतं. व्हिडिओत 'कुठलंही धान्य, कितीही ओलं' असं बोलून बसू नका.

अडचणीच्या भागात मराठवाड्याच्या पिचला एक जुनी खोड आहे: भेगाळलेल्या जमिनीचं ड्रोनचं दृश्य आणि मागे उदास बासरी. गुंतवणूकदाराने ते इतक्यांदा पाहिलेलं असतं की त्याचा अंगठा तिथेच पुढे सरकवायला जातो. आपल्या उदाहरणात तर अडचण दुष्काळाची नाहीच, पावसाची आहे. तेवढं एक उलटं वाक्य सुरुवातीला पुरतं.

पूर्ण स्क्रिप्ट

आता सगळं सरळ क्रमाने लावू. आकडे मुद्दाम अक्षरांत लिहिलेत. '3,600' डोळ्याला एक शब्द दिसतो, तोंडाला तो तीन शब्दांचा असतो, आणि वेळ तोंडाला लागतो.

अडचण, पंचवीस सेकंद:
'मराठवाडा म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो. आमची अडचण उलटी आहे. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीला येतं आणि परतीचा पाऊस त्याच आठवड्यात येतो. अठरा टक्के ओलाव्याचं सोयाबीन क्विंटलला तीन हजार सहाशेला जातं. तेच बारा टक्क्यांवर आणलं तर चार हजार तीनशे. पण सुकवायला ऊन नाही, जागा नाही, आणि दिवाळी तोंडावर असल्यामुळे थांबायला वेळ नाही.'

उपाय, वीस सेकंद:
'आम्ही ट्रॉलीवरचा ड्रायर थेट गावात नेतो. वीस क्विंटल माल चार तासांत अठरावरून बारा टक्क्यांवर येतो. शेतकरी क्विंटलला दीडशे रुपये देतो. वजनातली घट आणि आमचं भाडं जाता त्याच्या हातात क्विंटलमागे अडीचशे रुपये जास्त उरतात. सोयाबीन संपलं की हाच ड्रायर मक्याला लागतो.'

पुरावा, पंचवीस सेकंद:
'गेल्या हंगामात एकाच ड्रायरवर आम्ही अठराशे क्विंटल सोयाबीन सुकवलं. एकशे चाळीस शेतकऱ्यांनी रोख पैसे दिले. त्यांतल्या एकसष्ट जणांनी मक्यासाठी पुन्हा बोलावलं. मक्याचे पंधराशे क्विंटल झाले. क्विंटलमागे खर्च ऐंशी रुपये, सत्तर उरतात. साडेचार लाखांचा ड्रायर या हिशेबाने दोन वर्षांत आपली किंमत फेडतो.'

मागणी, वीस सेकंद:
'आता आठ ड्रायर वाढवायचे आहेत. त्यांच्या किमतीचा पाऊण भाग बँकेच्या कर्जातून येईल. तुमच्याकडून चाळीस लाख रुपये हवेत, बदल्यात कंपनीचा दहा टक्के हिस्सा. अठरा महिन्यांत वर्षाला पंचवीस हजार क्विंटलपर्यंत पोचू. अर्धा तास द्या, हिशेबाची वही उघडतो.'

पंचवीस हजारांचा आकडा कुठून आला? जुना ड्रायर तेहतीसशे क्विंटल करतो. नऊ ड्रायर पूर्ण क्षमतेने चालले तर तीस हजारांच्या जवळ जातं. पण नवे आठ नव्या गावांत उतरणार, पहिल्या वर्षी तिथे ओळख नसते, म्हणून त्यांचे सत्तावीसशेच धरले. असा कापून घेतलेला आकडा विचारल्यावर समजावून सांगता येतो.

वाक्यं एकमेकांत कशी अडकली आहेत ते बघा. अडचणीच्या शेवटी दोन भावांमधला फरक समोर आला की 'मग सुकवत का नाहीत?' असा प्रश्न पडतो आणि पुढच्याच वाक्यात त्याचं उत्तर येतं. उपायात अडीचशे रुपये उरतात म्हटलं की 'खरंच कोणी देतं का?' हे मनात येतं, तिथे एकशे चाळीस शेतकरी येतात. दोन वर्षांत किंमत फिटते म्हटल्यावर 'मग वाढवत का नाही?' हा प्रश्न उरतो, आणि मागणी हे त्याचंच उत्तर आहे. क्रम कामाला येतो तो यासाठी. एखादं वाक्य कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नसेल आणि कुठला प्रश्नही उभा करत नसेल तर ते काढा. 'आम्ही तीन मित्र, आमची जिद्द', 'शेतकरी राजा सुखी व्हावा हे आमचं स्वप्न', ही वाक्यं अशीच गळतात.

क्रम बदलावा असा एक प्रसंग आहे. पाहणारा लातूरचा तेल गिरणीवाला असेल तर त्याला ओल्या सोयाबीनचं दुखणं शिकवू नका, तो रोज ते विकत घेतो. त्याच्यासाठी पहिलं वाक्य थेट पुराव्याचं: 'गेल्या हंगामात एका ड्रायरवर आम्ही तेहतीसशे क्विंटल माल सुकवला आणि शेतकऱ्यांनी त्याचे रोख पैसे दिले.' अडचण दोन वाक्यांत आटोपते आणि वाचलेला वेळ खर्चाच्या फोडीला देता येतो. उलट बेंगळुरूचा माणूस असेल तर अडचणीचे पंचवीस सेकंद कापू नका. हमीभाव असताना कमी भावात का विकतात, हे तो नक्की विचारेल. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आहे आणि तो आकडा त्याला सहज सापडतो. उत्तर एका वाक्याचं: अठरा टक्क्यांचा माल खरेदी केंद्रावर घेतलाच जात नाही.

चित्रीकरणाबद्दल थोडंच. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा पडदा दोनदा दाखवा, भरण्याआधी अठरा आणि काढल्यावर बारा, त्याच मालाचा, तारीख-वेळ दिसेल असा. हे दोन सेकंदांचं दृश्य बारा-पंधरा शब्द वाचवतं. बोलणं ड्रायरशेजारी उभं राहून रेकॉर्ड करू नका, पंख्याचा आवाज सगळं खाऊन टाकतो. बोलणं वेगळं घ्या, कॉलरला माइक लावून, घरात. खाली मजकूर द्या, कारण पुष्कळ जण फोनवर आवाज बंद ठेवून बघतात. शेतकऱ्याचं एखादं वाक्य घ्यायचं तर त्याच्या बोलीतच राहू द्या. 'पावसात भिजलंतं, तरी भाव तुटला नाही' हे त्याच्या तोंडून जेवढं पटतं तेवढं तुमच्या तोंडून पटणार नाही.

या पिचवर गुंतवणूकदार कुठे अडेल तेही माहीत असू द्या. पंचवीस हजार क्विंटलवर सत्तर रुपयांनी साडेसतरा लाख उरतात, त्यातून पगार आणि कर्जाचे हप्ते जायचे. एवढ्या धंद्याला चार कोटी किंमत जास्तच आहे, आणि तो तसं म्हणेल. तिथे मुद्दा असा येतो की वाढ स्वतःच्या लोखंडावरच करायची की गावोगावच्या ट्रॅक्टरमालकांनी ड्रायर घ्यायचे आणि कंपनीने कंट्रोल, दुरुस्ती आणि गिऱ्हाईक पुरवून प्रत्येक क्विंटलमागे वाटा घ्यायचा. कंट्रोलसाठी पंधरा लाख मागितलेत ते यासाठीच. हे नव्वद सेकंदांत घुसवू नका. त्या अर्ध्या तासाला काहीतरी उरायला हवं.

राहिला व्हिडिओ पाठवण्याचा प्रश्न, आणि इथे कायदा आडवा येतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 प्रमाणे खाजगी कंपनीला शेअर देऊ करायचे असतील तर ते आधी निवडलेल्या, नावानिशी ठरलेल्या लोकांनाच देऊ करता येतात, आर्थिक वर्षात दोनशेंपेक्षा जास्त जणांना नाही. बँका, म्युच्युअल फंड यांसारखे पात्र संस्थात्मक खरेदीदार आणि ईसॉप योजनेतून शेअर मिळणारे कर्मचारी त्या मोजणीत येत नाहीत. त्याची जाहिरात करायला मनाई आहे. 'चाळीस लाख, दहा टक्के' असलेला व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकणं किंवा तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरवणं त्यामुळे अंगाशी येऊ शकतं. नियम मोडला तर जमवलेले पैसे परत करण्याची आणि दंडाची तरतूद आहे. म्हणून दोन प्रती करा. पूर्ण प्रत ठरावीक माणसांना खाजगी लिंकने, प्रत्येकाला वेगळी पाठवायची आणि कोणाला कधी पाठवली याची नोंद ठेवायची. सगळ्यांसाठीच्या प्रतीत शेवटचे वीस सेकंद कापून तिथे ड्रायर मागवण्यासाठी फोन नंबर द्यायचा. आणि अजून प्रोप्रायटरी किंवा एलएलपी असाल तर शेअर हा प्रकारच तुमच्याकडे नाही. 'दहा टक्के हिस्सा' हे शब्द बोलण्याआधी सीएकडे जाऊन प्रायव्हेट लिमिटेड करून घ्यावी लागेल.

पाठवण्याआधी व्हिडिओ अशा एखाद्याला दाखवा ज्याचा शेतीशीही संबंध नाही आणि तुमच्या कंपनीशीही नाही. नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या, छत्रपती संभाजीनगरच्या मॅजिकसारख्या इनक्युबेटरमध्ये अशी माणसं भेटतात, नाहीतर बँकेत काम करणारा चुलतभाऊही चालेल. एकदाच दाखवा, मग फोन खिशात ठेवून विचारा: पैसे कोण देतो, किती देतो, आणि मी किती मागितले? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पाठवा. 'मशीन भारी आहे' एवढंच आलं, तर उपायाचा भाग कापून पुराव्याला द्या आणि पुन्हा रेकॉर्ड करा.